शिरोरेघेतली फट

छापील मराठीत ध आणि घ यांच्यात फरक असतो तो डोक्यावरच्या एका फटीचा. घ च्या माथ्यावर शिरोरेघ सलग जाते. ध च्या डाव्या टोकाला एक लहानशी वळी असते आणि तिच्यावरची रेघ तुटलेली असते. पुस्तकाच्या नेहमीच्या टायपात ही फट जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते, जुन्या बारीक टायपात त्याहूनही कमी. पान ३०० डीपीआयवर स्कॅन केले तर या अर्ध्या मिलिमीटरच्या वाट्याला साधारण सहा ठिपके येतात, १५० वर केले तर तीन. त्या तीन ठिपक्यांत शाई थोडी जरी पसरली असली, तरी फट बुजते आणि धान्याचे ‘घान्य’ होते.

भ आणि म, थ आणि य या जोड्यांचीही हीच गत आहे. भ च्या गाठीवर रेघ नसते, म च्या माथ्यावर ती सलग असते. थ च्या वळीवर रेघ नसते, य वर असते. देवनागरीतल्या ज्या तीन जोड्यांवर ओसीआर वारंवार अडखळते, त्या तिन्हींचा फरक असा शिरोरेघेला चिकटून आहे, हा निव्वळ योगायोग नाही. शिरोरेघ ही देवनागरी वाचणाऱ्या यंत्राची जुनी डोकेदुखी आहे. रोमन अक्षरे सुटी उभी असतात, त्यामुळे त्यांच्यामधली मोकळी जागा शोधली की अक्षर वेगळे होते. देवनागरीत सगळा शब्द एका रेघेला टांगलेला. म्हणून सुरुवातीच्या पद्धतींत आधी शिरोरेघ शोधून पुसायची किंवा जागोजाग कापायची, मग खाली सुटे झालेले तुकडे एकेक करून ओळखायचे, असा रिवाज होता. ‘टेसरॅक्ट’ या मोफत प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांतही शिरोरेघ कापण्याची वेगळी सोय होती. पण रेघ पुसली की ध आणि घ यांना वेगळे ठेवणारी मुख्य खूणही तिच्याबरोबर जाते.

टेसरॅक्टची चौथी आवृत्ती २०१८ साली आली आणि तिच्यापासून प्रणाली अक्षरे कापत बसत नाही. ती अख्खी ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत जाते आणि आजूबाजूच्या अक्षरांच्या आधाराने अंदाज बांधते. याने चुका पुष्कळ कमी झाल्या, हे मान्य करायला हवे. मात्र उरलेल्या चुकांचा स्वभाव बदलला. जुनी प्रणाली चुकली की ‘ध्घ|न्व’ असले काहीतरी कचऱ्यासारखे लिहायची आणि ते लगेच डोळ्यांत भरायचे. नवी प्रणाली चुकते तेव्हाही बहुधा शब्दासारखा शब्द लिहिते. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही चूक जास्त वाईट.

फट बुजते तशी फुटतेही. ठसा फिका उठला असेल, खिळे झिजलेले असतील किंवा स्कॅन करताना उजेड जास्त पडला असेल, तर घ च्या माथ्यावरची रेघ तुटते आणि घर ‘धर’ होते. त्यामुळे चुकीला बहुधा एक दिशा असते. शाई फुगलेल्या पानावर ध चा घ, भ चा म, थ चा य होतो. तिथे व च्या पोटातली मोकळी जागा भरून त्याचा ब होतो, आणि प च्या पोटात रेघ असल्याचा भास होऊन त्याचा ष होतो. फिक्या पानावर याच्या उलट. ब मधली तिरकी रेघ उडून व राहतो, ष चा प होतो, मग पुरुष ‘पुरुप’ आणि वर्ष ‘वर्प’. कामाला बसण्यापूर्वी चार-पाच पाने मूळ चित्रांशी नीट ताडून पाहिली, तर पुस्तक कोणत्या दिशेला कलते ते कळते आणि पुढची निम्मी शोधाशोध वाचते. एकाच पुस्तकात दोन्ही दिशा सापडल्या, तर बहुधा फर्मे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शाईने छापलेले असतात. अशा वेळी सोळा-सोळा पानांचे गट करून पाहावे, दिशा बदलल्याची जागा पुष्कळदा गटाच्या सीमेवरच सापडते.

दुसरा प्रकार दोन अक्षरे एकमेकांना चिकटण्याचा. र आणि व जवळ आले की त्यांचा ख होतो. हाताने लिहिताना हा घोटाळा सर्वांनाच ठाऊक आहे, पण खिळ्यांच्या छपाईतही र आणि व यांच्यात इतके थोडे अंतर राहते की शाईच्या एका थेंबाने ते मिटते. पाककृतीच्या जुन्या पुस्तकात ‘रवा भाजून घ्यावा’ याचे ‘खा भाजून घ्यावा’ होते, तेव्हा हसू येऊन चूक सापडते. ‘सुरवात’ या जुन्या लेखनाचे ‘सुखात’ होते, तेव्हा हसू येत नाही आणि चूकही सापडत नाही. उलट दिशेने, ख ची जोडणी जिथे उडाली तिथे ‘खाली’ चे ‘रवाली’ होते. तेवढे बरे, कारण ‘रवाली’ कोणत्याच कोशात नाही.

जोडाक्षरांतले द्य, द्व, द्ध हे खिळेही दिसायला फसवे आहेत, पण त्यांच्याविषयी फार काही सांगण्यासारखे नाही. ‘विद्यार्थी’ चे ‘विघार्थी’, ‘उद्धव’ चे ‘उद्वव’ अशी रूपे निघतात, ती निरर्थक असतात आणि शब्दतपासणीत अडकतात.

शब्दतपासणीच्या भरवशावर राहिले तर काय होते, ते एका वाक्यावर पाहू. वाक्य नमुन्यासाठी रचलेले आहे, पण यातली एकेक चूक रोजच्या कामात भेटणारी आहे. छापील पान असे :

सन १८९१ (शके १८१३) च्या पावसाळ्याच्या सुरवातीस नदीच्या काठी वसलेल्या गावावर साऱ्याचा भार पडला. धान्य संपले, तेथील लोक पुण्याची वाट धरून निघाले.

शाई फुगलेली आहे. ओसीआरच्या हाती लागते ते असे :

सन १८९९ (शके १८१३) च्या पावसाळ्याच्या सुखातीस नदीच्या काठी बसलेल्या गावावर सार्याचा मार पडला. घान्य संपले, तेयील लोक पुण्याची वाट घरून निघाले.

बावीस शब्दांत आठ चुका आहेत. शब्दतपासणी लावली की ‘सुखातीस’, ‘सार्याचा’, ‘घान्य’ आणि ‘तेयील’ यांच्याखाली लाल रेघ येते, कारण असे शब्द मराठीत नाहीत. चार सापडल्या. राहिलेल्या चार पाहा. ‘बसलेल्या’ हा चांगला शब्द आहे, आणि नदीच्या काठी बसलेले गाव कानाला खटकतही नाही. ‘साऱ्याचा मार’ तर मूळ वाक्यापेक्षा जोरकस वाटतो. लोक ‘घरून निघाले’ हेही अगदी बरोबर, लोक घरूनच निघतात. आणि १८९९ हा आकडा आहे, त्याला कोश विचारणार तरी काय?

लाल रेघेच्या चार चुका दुरुस्त करून मजकूर पुढे पाठवला, तर वाक्य स्वच्छ दिसते आणि इतिहास आठ वर्षे पुढे सरकतो. वाचणाऱ्याला शंका येण्याचे कारणच उरत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ओसीआरच्या मजकुरावर निव्वळ शब्दतपासणी चालवून तो ‘शुद्ध केला’ म्हणणे हे काहीच न करण्यापेक्षा घातक आहे. न तपासलेल्या मजकुरात ‘घान्य’ दिसते आणि वाचक सावध होतो. असा अर्धवट तपासलेला मजकूर त्याची ही सावधगिरीही काढून घेतो.

आता याच वाक्यातल्या चुका एकेक करून पकडू.

सर्वांत सोपा आकडा. शके आणि इसवी सन यांत ७८ चे अंतर असते, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तारखांना ७९ चे. १८१३ मध्ये ७८ मिळवले की १८९१ येतात. १८९९ लिहायचे तर शके १८२१ हवे होते. पावसाळ्याची गोष्ट असल्याने ७९ चा प्रश्न येत नाही. जुन्या मराठी पुस्तकांत असे दुहेरी साल पुष्कळदा असते आणि ते तपासणाऱ्यासाठी वरदान आहे. जिथे ते नसते, तिथे तिथी आणि वार पंचांगाशी जुळवून पाहावे. जमाखर्चाच्या तक्त्यात रकान्याची बेरीज करून खालच्या एकूण आकड्याशी ताडावी. बेरीज जुळली नाही, तर रकान्यातले १ आणि ९ आधी पाहावेत, कारण देवनागरी आकड्यांत सर्वांत जास्त गोंधळ याच दोघांचा. जुन्या टायपात ५ आणि ८ यांची वळणेही आजच्याहून वेगळी असतात. अशा पुस्तकाचे काम हाती घेताना आधी त्याचे पृष्ठक्रमांक पाहावेत. तिथे दहाही आकडे ठरलेल्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे त्या टायपात कोणता आकडा कसा दिसतो याचा नमुना पुस्तकातच तयार मिळतो.

‘मार’, ‘बसलेल्या’, ‘घरून’ यांच्यासाठी दुसरी युक्ती लागते. या प्रत्येक शब्दाला एक जुळा आहे, आणि जुळ्यांची यादी आपल्याला आधीच करता येते. अख्ख्या पुस्तकातले सगळे शब्द काढायचे, प्रत्येक किती वेळा आला ते मोजायचे, आणि एका अक्षराच्या जागी त्याचे सारखे दिसणारे अक्षर घातले की दुसरा शब्द तयार होतो अशा जोड्या वेगळ्या काढायच्या. पायथॉन येणाऱ्या कुणालाही एवढे पुरेल :

```python
import re, collections
pairs = [("ध","घ"), ("भ","म"), ("थ","य"),
         ("व","ब"), ("ष","प"), ("रव","ख")]
text = open("book.txt", encoding="utf-8").read()
words = collections.Counter(
    re.findall(r"[\u0900-\u0963\u0970-\u097f\u200d]+", text))
for w in words:
    for a, b in pairs:
        v = w.replace(a, b)
        if v != w and v in words:
            print(w, words[w], v, words[v])
```

समजा ‘धान्य ३७, घान्य ४’ अशी ओळ आली. तिथे विचार करायला नको, चारही जागा चुकीच्या आहेत. ‘भार ९, मार ६’ अशी ओळ आली की मात्र थांबायचे. दोन्ही शब्द खरे आहेत आणि दोन्ही त्या पुस्तकात असू शकतात. अशा शब्दाच्या सगळ्या जागा मागच्या-पुढच्या पाचपाच शब्दांसह एकाखाली एक मांडायच्या. ‘लाठ्यांचा मार’, ‘पाठीवर मार’ यांच्या मध्ये ‘साऱ्याचा मार’ आला की तो उठून दिसतो, कारण आता आपण गोष्ट वाचत नसतो, एकाच शब्दाच्या जागा तपासत असतो. शंका आली की मूळ पानाचे चित्र उघडून तेवढे अक्षर मोठे करून पाहायचे. भ च्या डाव्या वरच्या टोकाला शाईचा गोळा झालेला असला तरी तिथे गाठीची गोलाई बहुधा दिसते. म च्या डाव्या बाजूला मात्र सरळ उभी रेघ शिरोरेघेला मिळालेली असते.

ही युक्तीही प्रत्येक चूक धरत नाही. पुस्तकात ‘धरून’ एकदाच आला असेल आणि तोच चुकला असेल, तर जुळ्याच्या यादीत त्याला जोडीदारच मिळत नाही. त्यासाठी मराठीतल्या ठळक जुळ्यांची एक स्वतंत्र यादी जवळ ठेवावी आणि ती प्रत्येक पुस्तकावर चालवावी : धरून-घरून, धडा-घडा, धाव-घाव, धन-घन, भाग-माग, भाजी-माजी, भान-मान, भात-मात, बारा-वारा, बाळ-वाळ, बसला-वसला. काम करता करता तिच्यात भर पडत जाते.

सापडलेली चूक दुरुस्त करतानाही एक खड्डा आहे. ‘मात’ चे सगळीकडे ‘भात’ करा, असा हुकूम दिला की ‘शत्रूवर मात केली’ चे वाटोळे होते, हे कुणाच्याही लक्षात येईल. पण ‘फक्त पूर्ण शब्द बदला’ असा पर्याय निवडूनही ‘माती’ ची ‘भाती’ होऊ शकते, हे सहसा लक्षात येत नाही. बऱ्याच प्रणाली काना, वेलांटी, मात्रा यांना अक्षर मानत नाहीत. त्यांच्या लेखी ‘माती’ मधला ‘मात’ हा वेलांटीच्या अलीकडे संपलेला पूर्ण शब्द असतो. पायथॉनच्या `\b` या खुणेचे वागणे नेमके असेच आहे, म्हणून वर शब्द काढताना ती वापरलेली नाही. जुळ्या शब्दांच्या बाबतीत सरसकट बदल करूच नये, एकेक जागा पाहून होकार द्यावा.

राहिला ‘सार्याचा’. आपल्या नमुन्यात तो लाल रेघेत अडकला, पण हा प्रकार खास मराठीचा असल्याने त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना. पहिल्या शब्दात य च्या आधी आडवी वळणदार खूण येते, दुसऱ्यात डोक्यावर रफार. एकात डोंगरातल्या खोलगट जागा, दुसऱ्यात समुद्र. एकात स्वयंपाकी, दुसऱ्यात गुरुजन. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ही आडवी खूण लागतच नाही. म्हणून देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून कुणी हिंदीचा पर्याय निवडला, तर प्रणाली प्रत्येक ऱ्या चा र्या करते किंवा भलतेच काही लिहिते. त्याच चुकीने ळ सुद्धा ल होतो आणि काळ, वेळ, माळ, गाळ, बाळ यांचे काल, वेल, माल, गाल, बाल असे सगळे शब्दकोशातले शब्द तयार होतात. एखाद्या मराठी मजकुरात अख्ख्या पानावर एकही ळ दिसला नाही, तर पुढे एक ओळही तपासू नये. भाषा बदलून पान पुन्हा चालवावे. टेसरॅक्टमध्ये मराठीची खूण `mar` आहे :

```
tesseract page.png page -l mar --psm 6 txt tsv
```

यातला `6` हा आकडा पान एकसलग मजकुराचे आहे, असे सांगतो. दोन स्तंभांच्या पानाला तो चालत नाही, ओळी एकमेकींत मिसळतात. शेवटचे `tsv` लिहिल्यामुळे मजकुराबरोबर एक तक्ता मिळतो आणि त्यात प्रत्येक शब्दापुढे `conf` या रकान्यात शंभरपैकी गुण असतात : हा शब्द आपण बरोबर वाचला, असे प्रणालीला किती वाटते ते. कमी गुणांचे शब्द आधी पाहावेत, वेळ वाचतो. पण जास्त गुण मिळालेला शब्द बरोबर असतो, असे समजू नये. आजूबाजूच्या अक्षरांवरून अंदाज बांधण्याची सवय असलेली प्रणाली ‘घरून’ हा शब्द मोठ्या आत्मविश्वासाने लिहिते, कारण तिने तो शिकताना खूप वेळा पाहिलेला असतो. गुणांच्या तक्त्यात ‘तेयील’ सापडेल, ‘घरून’ सापडण्याची खात्री नाही.

अनुस्वाराची गोष्ट आणखी वेगळी. तो तर निव्वळ ठिपका. कागदावरचा डाग, मागच्या पानाची उमटलेली शाई, कसरीचे भोक, यांतले काहीही अनुस्वार म्हणून वाचले जाते आणि खरा अनुस्वार कचरा म्हणून पुसला जातो. स्कॅनिंगच्या प्रणालीत ‘डाग काढा’ असा पर्याय असतो, तो मराठी पानांसाठी बंदच ठेवावा. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, त्याआधीच्या पुस्तकांत तर ‘नांव’, ‘घरांत’, ‘करणें’ अशी ठिपक्यांची रेलचेल असते. आजच्या मजकुरावर शिकलेली प्रणाली ते ठिपके पाहूनही गाळते आणि जुन्या लेखकाला गुपचूप नवे शुद्धलेखन शिकवते. ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन, हा जुन्या लेखनातला भेद त्यात पुसला जातो. उलट मजकुरात ठिपके टिकले असतील, तर आजची शब्दतपासणी त्या प्रत्येकाखाली लाल रेघ ओढते आणि शेकडो खोट्या इशाऱ्यांत खऱ्या चुका हरवतात. जुन्या पुस्तकासाठी शब्दतपासणी बंद ठेवावी आणि जुळ्यांच्या यादीवर भर द्यावा, हे मी बिनदिक्कत सांगेन.

काही चुका तर डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात U+0972 या एका खुणेने लिहिता येते, किंवा साधा अ आणि त्यावर चंद्र अशा दोन खुणांनीही. पडद्यावर दोन्ही सारखी. ‘ओ’ च्या जागी अ, काना आणि मात्रा अशी जुळणी येते, आणि विसर्गाच्या जागी अपूर्णविराम येतो. वाचताना काही बिघडत नाही, पण पुढे कुणी ‘ॲ’ टंकून शोध घेतला तर निम्म्या जागा सापडत नाहीत. यांच्यासाठी डोळे शिणवण्यात अर्थ नाही. मजकुरात आलेल्या सगळ्या खुणांची मोजदाद करून यादी काढावी. एकाच अक्षराची दोन रूपे आढळली तर एक ठरवून दुसरे बदलावे. सरसकट बदल इथे चालतो, कारण दोन रूपांत अर्थाचा फरक नसतो. अपवाद विसर्गाचा. अपूर्णविराम खरोखरच असू शकतो, म्हणून त्याच्या जागा पाहूनच बदलाव्यात.

एवढे केल्यावर मग माणसाने वाचायचे. छापखान्यांत मुद्रितशोधनाची जुनी रीत दोघांची होती : एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा प्रुफावर नजर ठेवतो. ओसीआरच्या मजकुरालाही तीच रीत लागू पडते, फक्त कोणी काय वाचायचे हे चुकवू नये. मोठ्याने वाचायचे ते पानाचे चित्र, आणि नजर ठेवायची ती संगणकाच्या मजकुरावर. उलट केले तर वाचणारा ‘घान्य’ पाहून तोंडाने ‘धान्य’ म्हणतो आणि दोघेही पुढे जातात. जुळ्या अक्षरांचा उच्चार जरा ठासून करायचा. ध आणि घ कानाला वेगळे लागतात, म आणि भ तर पुष्कळच. जे डोळ्यांना सारखे दिसते ते कानाला सारखे ऐकू येत नाही, हेच या रितीचे बळ. तिची एक मर्यादाही लक्षात ठेवावी : ऱ्हस्व-दीर्घ आणि उच्चारात नसलेले जुने अनुस्वार कानाला कळत नाहीत. ते बोलून दाखवावे लागतात, ‘करणें, वर टिंब’ असे.

एकट्याने काम करायचे असेल तर परिच्छेद शेवटच्या ओळीपासून उलट वर वाचत जावा. अर्थाचा धागा तुटला की मन पुढचा शब्द आधीच ठरवत नाही आणि डोळा अक्षरापाशी थांबतो. कंटाळवाणे आहे, पण ‘साऱ्याचा मार’ असाच सापडतो. मराठी विकिस्रोतावर प्रत्येक पानाची स्थिती रंगाने दाखवतात : लाल म्हणजे न तपासलेले, पिवळे म्हणजे एकाने तपासलेले, हिरवे म्हणजे प्रमाणित. ज्याने पान पिवळे केले त्याला ते स्वतः हिरवे करता येत नाही, दुसऱ्याच कुणीतरी करावे लागते. हा नियम उत्तम आहे. एकदा एखादा शब्द चुकीचा वाचून पुढे गेलेला डोळा दुसऱ्यांदाही तिथे तसाच फसतो.

काम कितपत झाले, हे आकड्यात सांगायचे तर ‘९९ टक्के अचूक’ या शब्दांनी फसू नये. एका पानावर साधारण १,५०० अक्षरखुणा धरल्या, तर एक टक्का म्हणजे पानाला १५ चुका, आणि दोनशे पानांच्या पुस्तकात ३,०००. खरा अंदाज घ्यायचा तर चिठ्ठ्या टाकून दहा पाने निवडावीत आणि ती चित्राशी अक्षर न् अक्षर जुळवावीत. पहिली दहा पाने निवडू नयेत, कारण सुरुवातीला सर्वांचाच उत्साह दांडगा असतो आणि ती पाने जास्त शुद्ध निघतात. दहा पानांत ३० चुका निघाल्या, तर पुस्तकात सहाशेच्या आसपास उरल्या आहेत. त्या ३० चुकांत लाल रेघेने न धरलेल्या किती, हे वेगळे मोजावे. तो आकडा मोठा असेल, तर पुन्हा शब्दतपासणी करून हाती काही लागणार नाही.

शेवटी काही जागा अशा राहतात की अक्षर कितीही मोठे केले तरी भ की म ते कळत नाही, आणि वाक्यात दोन्ही चालतात. तिथे अंदाजाने लिहू नये. त्याच आवृत्तीची दुसरी प्रत एखाद्या ग्रंथालयात मिळते का पाहावे. एका प्रतीत बुजलेली फट दुसरीत उघडी असू शकते, कारण शाई प्रत्येक कागदावर सारखी बसत नाही. पुढची आवृत्ती उपयोगी पडतेच असे नाही. तिच्यासाठी खिळे नव्याने जुळवलेले असतात, आणि जुळारीही याच अक्षरापाशी अडखळलेला असू शकतो. दुसरी प्रत मिळाली नाही, तर मजकुरात चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पानाचा आणि ओळीचा क्रमांक नोंदवावा. आणि अक्षर स्वच्छ दिसत असून छापील पानावरच ‘घान्य’ असेल, तर ती चूक त्या काळच्या छापखान्याची आहे. ती मजकुरात तशीच ठेवून तळटीप द्यावी.